ताक आणि लोणी यांच्यामधले काही मिलिसेकंद: प्रायमिंगचा प्रयोग मराठीत नीट कसा करावा

पडद्यावर ‘ताक’ हा शब्द क्षणभर चमकतो आणि नाहीसा होतो. लगेच ‘लोणी’ येतो. वाचणाऱ्याने एवढंच ठरवायचं की समोरचा अक्षरसमूह मराठीतला शब्द आहे की नाही, आणि त्याप्रमाणे कळ दाबायची. ‘ताक’च्या जागी ‘सुई’ चमकली असती तर तीच कळ थोडी उशिरा दाबली गेली असती. तो उशीर साधारण २० ते ४० मिलिसेकंदांचा असतो. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

या चाचणीला लेक्सिकल डिसिजन म्हणतात. इथे शब्दनिर्णय चाचणी म्हणू. आधी येणारा तो पूर्वशब्द, ज्यावर निर्णय घ्यायचा तो लक्ष्यशब्द, आणि पूर्वशब्दामुळे लक्ष्यशब्द ओळखणं सोपं होतं ते प्रायमिंग. डोक्यातले शब्द छापील कोशासारखे अकारविल्हे लावलेले नसून अर्थाच्या आणि सवयीच्या धाग्यांनी एकमेकांना जोडलेले असावेत, हा तर्क याच छोट्या फरकावर उभा आहे.

भाषाशास्त्राचे आणि मानसशास्त्राचे विद्यार्थी हा प्रयोग मराठीत करू पाहतात आणि बहुतेक जण त्याच चार-पाच ठिकाणी घसरतात. प्रोग्राम बरोबर असतो, माणसंही मिळालेली असतात, पण शब्दांची यादी कच्ची असते. ती नंतर कुठल्याच संख्याशास्त्राने दुरुस्त होत नाही. म्हणून खालच्या टप्प्यांत निम्म्याहून जास्त जागा तयारीला दिली आहे.

## १. आधी काय मोजायचं ते पक्कं करा

प्रयोगात ‘लोणी’ ओळखायला ६१० मिलिसेकंद लागले, असं दिसलं की लगेच लिहिलं जातं, ‘मेंदूला शब्द ओळखायला ६१० मिलिसेकंद लागतात.’ तसं नाही. त्या आकड्यात नजर स्थिर होणं, शब्द ओळखणं, ‘हो’ की ‘नाही’ ठरवणं आणि बोट हलवणं हे सगळं आलं. सलग वाचताना नजर एका शब्दावर साधारण २०० ते २५० मिलिसेकंदच थांबते, म्हणजे ओळखीचं बरंचसं काम त्याआधीच उरकलेलं असतं.

त्यामुळे एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही. अर्थ आहे तो फरकाला, आणि तोही एकाच लक्ष्यशब्दाच्या दोन वेळांमधल्या. ‘लोणी’च्या आधी ताक असताना किती आणि सुई असताना किती. निर्णय आणि बोट यांना लागणारा वेळ दोन्हीकडे सारखाच, म्हणून वजाबाकीत तो निघून जातो.

इशारा: संबंधित जोड्यांत एक शब्दसंच आणि असंबंधित जोड्यांत दुसराच संच घेतला, तर प्रयोग तिथेच संपला. ‘ताक–लोणी’ची तुलना ‘सुई–परिपत्रक’शी केली आणि फरक निघाला, तर तो प्रायमिंगचा की ‘परिपत्रक’ लांब आणि रुक्ष असल्याचा, हे सांगता येणार नाही.

## २. जोड्या गोळा करा, पण स्वतःच्या डोक्यातून नाही

या क्षेत्रातला मूळ प्रयोग मेयर आणि श्व्हानेव्हेल्ट यांचा, १९७१ सालचा, इंग्रजीतला. त्यात दोन शब्द एकाच वेळी एकाखाली एक दाखवले जात. ‘ब्रेड–बटर’सारख्या संबंधित जोड्यांना सरासरी ८५५ मिलिसेकंद लागले, ‘नर्स–बटर’सारख्या असंबंधित जोड्यांना ९४०. म्हणून पुष्कळ जण याच जोड्यांचं भाषांतर करून मोकळे होतात. ‘पाव–लोणी’ ही जोडी मराठी डोक्यात कुठे असते? पाव म्हटलं की मिसळ येते, भाजी येते, वडा येतो. आणि ब्रेडला लावतात त्याला बोलताना बटरच म्हणतात.

योग्य क्रम असा. आधी शंभरेक संभाव्य पूर्वशब्दांची यादी करा. प्रयोगात नसणार असे सुमारे ३० मराठी भाषक घ्या आणि प्रत्येक शब्दापुढे मनात पहिला आलेला शब्द लिहायला सांगा. विचार करायला वेळ देऊ नका. जे उत्तर बऱ्याच जणांनी दिलं असेल तोच लक्ष्यशब्द.

इथे दिशा महत्त्वाची. ‘लोणी’ दिल्यावर ‘तूप’ येईल, ‘ताक’ दिल्यावर काहींना ‘कढी’ सुचेल. तुमच्या गटात ताकावरून लोणी फार कमी जणांना सुचलं, तर ही जोडी कितीही लाडकी असली तरी ती काढून टाका. (या लेखात ती मी ठेवली आहे, कारण इथे माझी परीक्षा होणार नाही.)

दोन प्रकारच्या जोड्या बाजूला काढा. पहिला प्रकार ‘किल्ली–किल्ला’सारख्या दिसायला सारख्या शब्दांचा. तिथे अर्थाचा नव्हे, अक्षरांचा परिणाम मोजला जातो. दुसरा प्रकार ‘वरण–भात’, ‘मीठ–भाकर’ अशा जोडशब्दांचा. ते वाईट नाहीत, पण ‘वरण’ पाहताच ‘भात’ येतो तो अर्थामुळे की दोन्ही शब्द कायम एकत्र ऐकल्यामुळे, हे वेगळं करता येत नाही. ठेवायचे तर त्यांच्यासमोर वेगळी खूण करून ठेवा.

तपासा: शेवटी ६० लक्ष्यशब्द हाती असावेत आणि प्रत्येकाला एकच, वेगळा पूर्वशब्द असावा.

## ३. असंबंधित जोड्या नव्याने शोधू नका, आहेत त्याच फिरवा

समजा दोन चांगल्या जोड्या आहेत: ताक–लोणी आणि सुई–दोरा. फिरवल्यावर सुई–लोणी आणि ताक–दोरा मिळतात. चारही शब्द तेच, फक्त जोडीदार बदलले. वारंवारिता, लांबी, लेखनाची गुंतागुंत यांतला सगळा फरक एका फटक्यात नाहीसा होतो. मराठीसाठी हे विशेष सोयीचं आहे, कारण शब्दांच्या वारंवारितेच्या ज्या याद्या मिळतात त्या मुख्यतः बातम्या आणि ज्ञानकोशाच्या मजकुरातून येतात. त्यांत ‘जिल्हाधिकारी’ वर असतो आणि ‘झारा’ कुठेतरी तळाशी. फिरवण्याच्या पद्धतीत या याद्यांवर फार विसंबावं लागत नाही.

आता ६० जोड्यांचे ३०-३०चे दोन गट करा आणि फिरवाफिरव गटाच्या आतच करा. यादी ‘अ’मध्ये पहिला गट संबंधित आणि दुसरा फिरवलेला, यादी ‘ब’मध्ये उलट. एका माणसाला एकच यादी. असं केलं की कुणालाही कुठलाच शब्द दोनदा दिसत नाही, आणि तरीही प्रत्येक लक्ष्यशब्दाच्या दोन्ही बाजूंच्या वेळा मिळतात.

इशारा: वेळ वाचवण्यासाठी दोन्ही याद्या एकाच माणसाला देऊ नका. ‘लोणी’ दुसऱ्यांदा दिसला की तो तसाही लवकर ओळखला जातो, आणि प्रायमिंगच्या फरकापेक्षा हा पुनरावृत्तीचा फायदा सहसा मोठा असतो.

फिरवलेल्या जोड्या मोठ्याने वाचा. ‘वरण–लोणी’ म्हणजे दोन्ही स्वयंपाकघरातलेच निघाले, तर ती जोडी पुन्हा फिरवा. हे काम दुसऱ्या कुणाकडून करून घेतलेलं बरं. आपल्याला आपल्या यादीत काहीच खटकत नाही.

## ४. खोटे शब्द: इथेच बहुतेक प्रयोग बुडतात

शब्दनिर्णयात निम्म्या वेळा ‘नाही’ हे उत्तर असायला हवं, म्हणून मराठीत नसलेले अक्षरसमूह लागतात. लोक घाईत ‘ळटक्प’ असलं काहीतरी लिहून टाकतात. मराठी शब्द ‘ळ’ने सुरू होत नाही आणि ‘क्प’ने संपतही नाही, हे वाचणाऱ्याला अर्थापर्यंत न जाता नुसत्या नजरेनेच कळतं. मग तो खऱ्या शब्दांनाही तसाच वरवर हात लावतो: ‘मराठीसारखं दिसतंय ना, दाब हो.’ खोटे शब्द जितके ओबडधोबड, तितका अर्थाचा परिणाम आक्रसतो. इंग्रजीतल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलेलं आहे.

चांगला खोटा शब्द उच्चारता येतो, खऱ्या शब्दाएवढाच लांब असतो आणि मराठीच वाटतो. सोपी रीत म्हणजे खरा शब्द घेऊन त्यातलं एक अक्षर बदलायचं. ‘खिडकी’चं ‘खिडपी’, ‘कुलूप’चं ‘कुलूट’. ज्या शब्दांवरून हे बनवाल ते शब्द लक्ष्यशब्दांच्या किंवा पूर्वशब्दांच्या यादीत नसावेत.

पण एक अक्षर बदलताना अपघात होतात. ‘लोणी’वरून ‘लोटी’ केलं तर ते पाण्याचं भांडं झालं. मी एकदा ‘कापणी’वरून ‘कापरी’ केलं आणि खोट्या शब्दांत टाकून दिलं. तिसऱ्याच दिवशी एक काकू चाचणी संपवून म्हणाल्या, “अहो, कापरा आवाज असतो तशी कापरी हाक असतेच की!” बरोबर होतं. मराठीत विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं, नामाचं सामान्यरूप होतं, क्रियापदाची डझनभर रूपं होतात. त्यामुळे कोशात न सापडणारा अक्षरसमूहसुद्धा कशाचं तरी रूप असू शकतो. ‘घोड्या’ हा शब्द आहे की नाही, यावर चार माणसं चार उत्तरं देतील. असले अर्धवट प्रकार दोन्ही बाजूंना नकोत. गावांची नावं आणि आडनावंही तपासा. ‘पेण’ कोशात नसेल, नकाशात आहे.

तपासा: खोट्या शब्दांची यादी निदान तीन वेगवेगळ्या भागांतल्या माणसांना दाखवा. पुण्यातल्या माणसाला खोटा वाटणारा शब्द मालवणात किंवा वऱ्हाडात रोजचा असू शकतो. एकानेही ‘हा शब्द आहे’ म्हटलं तर तो काढा.

लांबी मोजताना संगणकावर भरवसा ठेवू नका. ‘किल्ली’ आणि ‘दोरा’ ही दोन्ही दोन अक्षरांची, पण संगणक ‘किल्ली’त सहा खुणा मोजतो (क, इकार, ल, हलन्त, ल, ईकार) आणि ‘दोरा’त चार. लांबी अक्षरांनी जुळवा आणि खऱ्या-खोट्या दोन्ही बाजूंना जोडाक्षरं सारख्या प्रमाणात ठेवा. नाहीतर ‘जोडाक्षर दिसलं की खोटा’ हा नियम वाचणारा दहा मिनिटांत शिकतो, आणि त्याचं त्यालाही कळत नाही.

## ५. भरतीच्या जोड्या घालून अंदाज बांधणं अवघड करा

आत्तापर्यंत एका यादीत ३० संबंधित आणि ३० असंबंधित जोड्या झाल्या. त्यांना ६० खोटे शब्द जोडून लगेच प्रयोग सुरू करायचा मोह होतो. थोडा हिशेब करा. खऱ्या लक्ष्यशब्दांपैकी निम्मे आपल्या पूर्वशब्दाशी संबंधित आहेत, म्हणजे माणूस ‘सुई’ पाहताच ‘दोरा’ची वाट बघायला लागेल. शिवाय पूर्वशब्दाशी काहीच नातं नसलेले अक्षरसमूह ९० (३० खरे, ६० खोटे) आणि त्यांतले ६७ टक्के खोटे. म्हणजे ‘नातं लागत नाही, मग नाही दाबा’ ही युक्ती दर तीन वेळांतून दोनदा बरोबर ठरते. अशा प्रयोगात फरक मोठा आणि देखणा येतो, पण तो शब्दांच्या जोडणीचा नसून माणसाच्या हुशारीचा असतो.

उपाय म्हणजे भरतीच्या जोड्या: ६० जादा असंबंधित जोड्या, खऱ्या लक्ष्यशब्दांच्या, ज्यांच्या वेळा पुढे मोजायच्याच नाहीत. खोटे शब्दही तितकेच वाढवा. आता खरे लक्ष्यशब्द १२०, खोटे १२०, एकूण २४० फेऱ्या. संबंधित जोड्या खऱ्यांतल्या फक्त २५ टक्के उरल्या आणि नातं न लागणाऱ्या २१० फेऱ्यांत खोटे ५७ टक्के. युक्ती आता फारशी फळत नाही.

खोट्या लक्ष्यशब्दांच्या आधीही खरेच पूर्वशब्द हवेत, तेही याच धाटणीचे घरगुती. पूर्वशब्दावरूनच पुढचं उत्तर ओळखू आलं तर सगळं व्यर्थ.

## ६. वेळापत्रक: दोन शब्दांच्या सुरुवातींत किती अंतर?

पूर्वशब्द दिसायला लागल्यापासून लक्ष्यशब्द दिसायला लागेपर्यंतच्या अंतराला एसओए म्हणतात. हे अंतर जास्त ठेवलं तर माणूस विचार करू लागतो, आणि आपल्याला विचाराच्या आधीचं हवं आहे.

नीली यांनी १९७७ मध्ये हे सुरेख दाखवलं. त्यांनी भाग घेणाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं, की ‘शरीर’ हा शब्द दिसला की पुढे बहुधा इमारतीचा भाग येईल. एसओए २५० मिलिसेकंद असताना सूचनेचा काही उपयोग झाला नाही. शरीराच्या अवयवाचंच नाव लवकर ओळखलं गेलं. अंतर ७०० मिलिसेकंदांवर गेलं तेव्हा मात्र अपेक्षेचा अंमल सुरू झाला. इमारतीचा भाग लवकर ओळखला जाऊ लागला आणि अवयवाचं नाव उलट अडखळू लागलं. म्हणजे पहिला पाव सेकंद शब्दांच्या आपोआप होणाऱ्या जोडणीचा, त्यापुढचा वेळ माणसाच्या इराद्याचा.

म्हणून एसओए २०० मिलिसेकंद ठेवा: पूर्वशब्द १५०, मग कोरा पडदा ५०, मग लक्ष्यशब्द. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, तेव्हा या वेळा ९ आणि ३ फ्रेम होतात. पडदा अर्धी फ्रेम दाखवू शकत नाही. १६० मिलिसेकंद लिहिलंत तरी तो ९ किंवा १० फ्रेमच दाखवेल. म्हणून वेळ सेकंदांत न लिहिता फ्रेम मोजून लिहा. असे प्रयोग चालवण्यासाठीच्या सायकोपाय या पायथन प्रणालीत ते असं होतं:

```python
kb.clearEvents()
for f in range(9):
    prime.draw(); win.flip()
for f in range(3):
    win.flip()
win.callOnFlip(kb.clock.reset)
target.draw(); win.flip()
keys = kb.waitKeys(maxWait=2.5, keyList=['f', 'j'],
                   waitRelease=False)
win.flip()
```

`waitRelease=False` विसरू नका. ते नसेल तर काही आवृत्त्यांत कळ सोडेपर्यंत प्रोग्राम थांबून राहतो. ‘हो’ची कळ प्रत्येकाच्या सवयीच्या हाताकडे द्या.

तपासा: पडद्यावर जोडाक्षरं फुटलेली नाहीत ना आणि र्‍हस्व वेलांटी योग्य जागी आहे ना, हे सगळे शब्द एकदा डोळ्यांखालून घालून बघा. शंका असेल तर प्रत्येक शब्दाचं चित्र आधीच बनवून तेच दाखवा आणि ती चित्रं प्रयोग सुरू होण्याआधी स्मृतीत भरून ठेवा. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतील असा फॉन्ट निवडा.

कळफलकाचा उशीर ही अकारण मोठी केलेली काळजी आहे. साधा कळफलक दहा-वीस मिलिसेकंद खातो, पण तो दोन्ही बाजूंना खातो, त्यामुळे वजाबाकीत जातो. फक्त एकाच प्रयोगात काहींना ब्लूटूथचा आणि काहींना तारेचा, असं नको.

## ७. माणसं किती आणि बसवायची कशी

प्रत्येक स्थितीत साधारण १६०० मोजण्या असाव्यात, हा ब्रिसबार्ट आणि स्टीव्हन्स यांनी २०१८ मध्ये दिलेला अंदाज धरायला सोपा आहे. आपल्याकडे एका माणसाकडून एका स्थितीत ३० मोजण्या मिळतात, तेव्हा ५४ माणसं लागतील (५४ × ३० = १६२०), प्रत्येक यादीला २७. वर्गातल्या १५ जणांवर २५ मिलिसेकंदांचा फरक शोधणं म्हणजे किराणा दुकानाच्या तराजूवर सोनं तोलणं.

आधी २० सरावाच्या फेऱ्या द्या, त्यांत खऱ्या यादीतला एकही शब्द नको. दर ६० फेऱ्यांनी विश्रांती. सूचना एवढीच: लवकर, पण न चुकता. ‘शब्द एकमेकांशी जोडलेले आहेत का ते पाहतोय’ हे आधी सांगितलंत तर पाचव्या टप्प्याची सगळी मेहनत पाण्यात.

## ८. आकडे साफ करा, नियम आधी लिहून ठेवा

फक्त बरोबर उत्तरांच्या वेळा घ्या. २०० मिलिसेकंदांच्या आतली उत्तरं टाका, ती वाचून दिलेली नसतात. ८० टक्क्यांपेक्षा कमी अचूकतेची माणसं वगळा. हे आकडे निकाल पाहण्याआधी ठरवून कागदावर लिहा. नंतर ठरवलेली मर्यादा नेहमी आपल्या सोयीच्या बाजूला सरकते.

फरक बघण्याआधी एक गोष्ट तपासा: खोट्या शब्दांना खऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला का? लागायला हवा. खोटे शब्दच लवकर उरकले गेले असतील तर ते फार सोपे झाले, आणि तुम्हाला चौथ्या टप्प्यावर परत जायचं आहे.

मग विश्लेषण. नुसत्या माणसांच्या सरासरीवर टी-टेस्ट करून थांबू नका. तुमचे ६० शब्दसुद्धा मराठीतून निवडलेला नमुनाच आहेत. वेगळे ६० घेतले असते तरी हेच आलं असतं का, याचं उत्तर द्यावं लागतं. क्लार्क यांनी ही चूक १९७३ मध्येच दाखवून दिली, तरी ती अजून होते. आर या संख्याशास्त्राच्या भाषेत, lme4 हे पॅकेज आधी लोड करून, माणूस आणि शब्द दोघांनाही जागा देणारं प्रतिमान असं:

```r
lmer(log(rt) ~ relation + (1 + relation | subject)
     + (1 + relation | target), data = d)
```

समजा संबंधित जोड्यांची सरासरी ६१२ आणि असंबंधित जोड्यांची ६४१ आली. फरक २९. आता प्रत्येक लक्ष्यशब्दाचा फरक वेगळा काढून यादी लावा. पाच-सहा शब्दांनीच सगळा फरक ओढून आणला असेल, तर बहुधा ते जोडशब्द निघतील. दुसऱ्या टप्प्यात केलेली खूण इथे कामाला येते: ते वगळून हिशेब पुन्हा करा आणि दोन्ही आकडे द्या.

एका शब्दाचा फरक मात्र स्वतंत्र शोध म्हणून मांडू नका. ‘लोणी’ला २७ जणांकडून एका बाजूला आणि दुसऱ्या २७ जणांकडून दुसऱ्या बाजूला मोजलेलं आहे, त्यातला एखादा संथ माणूस इकडचा तिकडे झाला तरी आकडा हलतो. एकेका माणसाच्या फरकाचंही तेच. ‘अमुक विद्यार्थ्याला प्रायमिंग होत नाही’ असं म्हणण्याएवढा हा मापदंड स्थिर नाही.

## ९. फरक आला नाही तर कुठे पाहायचं

क्रमाने पाहा. खोटे शब्द सोपे होते का? एसओए खरंच २०० होता का, की मधल्या फ्रेम गळल्या? सायकोपाय फ्रेमच्या वेळा नोंदवून देऊ शकतो, सगळ्या १६.७च्या आसपास असाव्यात. लोकांनी पूर्वशब्द वाचलाच नाही, असंही होतं; शेवटी विचारा, “आधी चमकत होतं ते वाचता येत होतं का?” ‘नाही’ म्हटलं म्हणजे काही झालंच नाही असं नव्हे. फॉर्स्टर आणि डेव्हिस यांनी १९८४ मध्ये चिन्हांच्या पडद्याआड जेमतेम ६० मिलिसेकंद दाखवलेला शब्दही, बहुतेकांना तो दिसल्याचं जाणवत नसताना, पुढे तोच शब्द आल्यावर उपयोगी पडतो हे दाखवलं. पण तो सारख्या शब्दाचा परिणाम; अर्थाचा धागा एवढ्या कमी वेळात फार बारीक होतो आणि ५४ माणसांत तो सापडेलच असं नाही.

हे सगळं ठीक असेल तर उरतात जोड्या. त्या ३० जणांच्या उत्तरांचे कागद पुन्हा काढा आणि प्रत्येक जोडीपुढे किती जणांनी तो शब्द लिहिला होता ते उतरत्या क्रमाने मांडा. तिसाव्या क्रमांकाच्या खालच्या जोड्या बहुतेक वेळा तुम्हीच, आकडा साठपर्यंत न्यायचा म्हणून, दामटून घातलेल्या असतात.